शेकचा डबा, आंब्याचा सीझन आणि दुपारचं ताट

एप्रिलच्या मध्यावर देवगडात जेवणाच्या वेळा कोणी पाळत नाही. पहाटे झेला घेऊन माणसं कलमांवर चढतात, सकाळी आंबा पडवीत येतो, मग वजनाप्रमाणे निवड, पेंढा घालून पेट्या भरणं, आणि संध्याकाळी वाशीची गाडी सुटायच्या आत सगळं चढवणं. या सगळ्यात कामगारांचं जेवण वेळेवर होतं, कारण ते न देऊन चालत नाही. बागायतदाराचं स्वतःचं मात्र राहून जातं. गेल्या काही वर्षांत या राहून गेलेल्या जेवणाची जागा घ्यायला मेडिकल स्टोअरमध्ये डबे आले आहेत. पाण्यात पावडर घाला, हलवा, प्या, जेवण झालं. ‘मील रिप्लेसमेंट शेक’, म्हणजे जेवणाऐवजी घ्यायचा शेक.

माझं काम आहारतज्ज्ञाचं. त्यामुळे सीझन सुरू झाला की हे डबे माझ्यासमोर टेबलावर येतात आणि प्रश्न एकच असतो: घेऊ की नको? माझं उलट विचारणं ठरलेलं आहे. हा शेक नसता, तर त्या वेळी तुम्ही काय खाल्लं असतं? शेक चांगला की वाईट हे डब्यावरून जेवढं ठरतं, त्याहून जास्त या उत्तरावरून ठरतं. जिथे काहीच खाल्लं नसतं किंवा दोन वडापाव आणि थंड पेय झालं असतं, तिथे शेकचा फायदा होतो. घरात भात, बांगडा आणि पिठी तयार असताना शेक घेणं म्हणजे पैसे देऊन कमी जेवणं.

आधी डबा कोणता आहे ते बघा

दुकानातल्या एकाच फळीवर तीन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी असतात आणि तिन्हींवर तोच पीळदार दंडाचा फोटो असू शकतो. एक म्हणजे प्रोटीन पावडर. दुसरी दुधात घालायची माल्टची पावडर, जी आपण लहानपणापासून ओळखतो. तिसरा खरा मील रिप्लेसमेंट. यातला तिसराच जेवणाच्या जागी बसावा म्हणून तयार केलेला असतो. म्हणजे त्यात प्रथिनं, पिष्टमय पदार्थ, थोडं स्निग्ध, तंतू आणि दिवसाच्या गरजेचा बऱ्यापैकी हिस्सा भरेल इतकी जीवनसत्त्वं आणि खनिजं घातलेली असतात.

ओळखायला एक सोपा हिशोब आहे. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्स संस्थेने १९९१ साली वजन कमी करण्यासाठीच्या अशा पदार्थांचं मानक ठरवलं. त्याप्रमाणे एका जेवणाऐवजी घ्यायच्या पदार्थातून २०० ते ४०० कॅलरी मिळायला हव्यात आणि त्या कॅलरींपैकी २५ ते ५० टक्के प्रथिनांतून यायला हव्यात. एक ग्रॅम प्रथिनातून चार कॅलरी मिळतात. म्हणून डब्याच्या मागच्या तक्त्यात एका वेळच्या मापाचे प्रथिनांचे ग्रॅम बघायचे, त्यांना चारने गुणायचं आणि त्याच मापाच्या एकूण कॅलरींनी भागायचं.

समजा डब्यावर लिहिलंय की ६० ग्रॅम पावडरीत २३० कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं. १८ गुणिले ४ म्हणजे ७२. ७२ भागिले २३०, म्हणजे साधारण ३१ टक्के. हा डबा बसला. प्रोटीन पावडरीचा डब्यातल्या मापाचा एक चमचा साधारण १२० कॅलरी आणि २४ ग्रॅम प्रथिनं देतो, म्हणजे ८० टक्के. हे नुसतं प्रथिन झालं, जेवण नाही. ते पिऊन दुपार काढू बघणाऱ्याला तासाभरात भोवळ येते आणि तो पावडरीला दोष देतो. माल्टच्या पावडरीत हाच हिशोब दहा टक्क्यांच्या आसपासच येतो, कारण त्यात मुख्यतः धान्य आणि साखर असते. तिची ताकद म्हणजे खरं तर तुम्ही तिच्यासोबत प्यालेलं दूध.

दुधावरून आठवलं. डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात प्रथिनांचा जो आकडा असतो, त्याखाली बारीक अक्षरात ‘दुधासह’ असं लिहिलंय का ते नक्की बघा. पाव लिटर गाईच्या दुधातून सुमारे १६५ कॅलरी आणि ८ ग्रॅम प्रथिनं येतात. वरचाच शेक पाण्यात घेतला तर १८ ग्रॅम प्रथिनं, दुधात घेतला तर २६. डबा तोच. दुधाचं श्रेय कंपनी घेते आणि दूध तुम्ही विकत आणता.

साखर वेगळ्या ओळीत लिहिलेली असते. एका मापात दहा ग्रॅमच्या आसपास असेल तर माझी हरकत नसते. वीसच्या वर गेली की मी डबा परत द्यायला सांगते. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं ते सर्वांत आधी लिहायचा नियम आहे. त्यामुळे पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं, तर डबा कशाने भरलाय ते कळतंच. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली, गोड फारसं न लागणारी पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारी पावडर.

एका बागायतदाराची दुपार

माझा मावसभाऊ बागायतदार आहे. वजन सत्तर किलो, सीझनमध्ये दिवसभर पायावर. त्याला जेवणाबद्दल बोललं की तो म्हणतो, ‘‘गो ताय, जेवूक येळ खंय गावता?’’ त्याचा एप्रिलमधला दिवस मी एकदा कागदावर उतरवून घेतला. साडेचारला चहा आणि दोन बटर. मग बाग. नाश्त्याला पुन्हा चहा. दुपारी एकला घरी ताट वाढलेलं असतं, पण हा त्या वेळी ट्रान्सपोर्टवाल्याच्या मागे. चार वाजता नाक्यावर दोन वडापाव आणि एक थंड पेय. रात्री दहाला भरपेट जेवण, आणि जेवल्या जेवल्या झोप.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. सत्तर किलोला अठ्ठावन्न ग्रॅम झाली. त्याच्या दिवसात चहा-बटरातून दोन-तीन ग्रॅम, दोन वडापावांतून बारा-चौदा, रात्रीच्या जेवणातून तीस. बेरीज सत्तेचाळीसच्या पुढे जात नाही. कॅलरी मात्र कमी नाहीत. दोन वडापावांच्याच सहाशेच्या आसपास होतात, वर थंड पेयाच्या शंभर-सव्वाशे. म्हणजे त्याला ऊर्जा पुरेशी मिळते, पण चुकीच्या वेळी आणि तेला-साखरेतून. आणि पहाटेपासून चार वाजेपर्यंतचे जवळजवळ बारा तास तो चहावर काढतो. तीन वाजता तो मजुरांवर का खेकसतो, याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायची गरज नाही.

इथे शेक कामाचा आहे. दुपारी एकला, जिथे असेल तिथे, पाच मिनिटांत. पण नुसता शेक दिला तर अडीच-तीनला तो पुन्हा नाक्यावर उभा राहील, आणि याचं कारण पोटाच्या कामाच्या पद्धतीत आहे.

घन अन्न जठरात गेलं की जठर ते घुसळून अगदी बारीक करतं. कण एक-दोन मिलिमीटरचे झाल्याशिवाय खालची झडप त्यांना सहसा पुढे सोडत नाही, चाळणीवर जाडसर रवा अडकावा तसं. त्यामुळे भात-माशांचं जेवण तीन-चार तास पोटात राहतं. द्रव पदार्थाला दळायचं काही नसतं. तो लगेच पुढे सरकू लागतो आणि त्याचा वेग त्यातल्या कॅलरींवर ठरतो. साधारण मिनिटाला दोन-तीन कॅलरी आतड्यात उतरतात. २३० कॅलरींचा शेक या हिशोबाने दीड-दोन तासांत जठरातून निघून जातो. दोन तासांनी पुन्हा भूक लागली तर त्यात शेकची फसवणूक नाही. तेवढीच त्याची पोच आहे.

दुसरं कारण वेगाचं. १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिस्टलच्या संशोधकांचा एक छोटा प्रयोग छापून आला होता. दहा जणांना तेवढीच शर्करा तीन रूपांत दिली: अख्खी सफरचंदं, सफरचंदाचा गर आणि रस. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने संपला, भूक सर्वांत कमी त्याने भागली आणि रसानंतर इन्सुलिनही अख्ख्या फळापेक्षा जास्त वाढलं. फळ तेच, फक्त चावणं गेलं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि दोन मिनिटांत ग्लास रिकामा करणारा माणूस तो निरोप पोचायच्या आत पुढच्या कामाला लागलेला असतो.

म्हणून भावाला सांगितलेली दुपार अशी होती. शेक पाण्यात, पण थोडा दाटसर. पातळ शेकपेक्षा दाट शेकने पोट जास्त भरल्यासारखं वाटतं. तो एका दमात संपवायचा नाही, पेट्या मोजता मोजता पंधरा मिनिटं घोट घोट घ्यायचा. सोबत एक केळं आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, चावून चावून खायचे. शेकच्या २३०, केळ्याच्या शंभर आणि शेंगदाण्यांच्या १६०-१७० मिळून जवळपास पाचशे कॅलरी होतात. प्रथिनं पंचवीस-सव्वीस ग्रॅम. दिवसाची बेरीज आता अठ्ठावन्नच्या आसपास जाते आणि वडापावाची ओढ कमी होते. शेंगदाणे दळण लागणारे असल्याने पोट रिकामं व्हायलाही वेळ लागतो. शेंगदाणे नको असतील तर दोन उकडलेली अंडी. मजुरांच्या जेवणाबरोबर अंडी उकडून पाठवणं हे घरच्यांच्या हातातलं काम आहे.

यात एक अट होती: चारचा वडापाव बंद. शेक जेवणाच्या जागी असतो, जेवणाच्या वर नाही. दुपारी शेक, चारला वडापाव आणि रात्री नेहमीचं ताट असं चालू ठेवलं, तर रोज अडीचशे-पाचशे कॅलरी जास्तीच्या होतात आणि सीझन संपेपर्यंत पँटचा हुक लागत नाही. शेकने वजन वाढल्याच्या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

आमच्या हवेचं एक वेगळं गणित आहे, जे डब्यावर लिहिलेलं नसतं. सकाळी घरून दुधात कालवून नेलेला शेक एप्रिलच्या उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर, एक वाजेपर्यंत टिकत नाही. अशा उकाड्यात दूध घातलेला शेक तासाभरात संपवायला हवा. त्यापेक्षा शेकरमध्ये कोरडी पावडर न्यायची आणि प्यायच्या वेळी उकळून गार केलेलं पाणी घालायचं. मे महिन्याच्या शेवटी हवेतली वाफ वाढली की पावडरीचे गोळे होतात. पिशवीची झिप घट्ट लावून पिशवी डब्यात ठेवा, चमचा कोरडा असू द्या, आणि उघडलेली पिशवी फ्रीजमध्ये ठेवू नका, कारण दरवेळी बाहेर काढली की थंड पावडरीवर दव धरतं. गोळे हाताने सहज फुटत असतील आणि वास ठीक असेल तर चालेल. खवट किंवा दमट वास आला, रंग बदलला तर टाकून द्या. किंमत बघून मोह होईल, तरी.

घरच्या ताटात जे आहे ते

आता तीच दुपार घरी असताना. उकड्या तांदळाचा भात, साधारण शंभर ग्रॅम तांदळाचा. बांगड्याचं तिरफळ घालून केलेलं तिखलं, त्यातला एक मध्यम बांगडा. वाटीभर कुळथाची पिठी. एखादी पालेभाजी किंवा काकडीची कोशिंबीर. हिशोब करून बघा: भाताच्या ३५० कॅलरी आणि सात-आठ ग्रॅम प्रथिनं, बांगड्यातून सोळा ग्रॅम, पिठीत पंचवीस ग्रॅम पीठ धरलं तर पाच-सहा. खोबरं आणि तेल धरून साडेसहाशे-सातशे कॅलरी आणि तीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं.

गंमत अशी की या ताटाला वरचा २५ टक्क्यांचा हिशोब लावला तर ते नापास होतं. प्रथिनांचा वाटा अठरा टक्क्यांवरच थांबतो. ताटात काही उणं आहे असा याचा अर्थ नाही. ते मानक कमी कॅलरीत प्रथिनं पुरी करायला बांधलेलं आहे. दिवसभर राबणाऱ्याला कॅलरीही लागतात. तो हिशोब डब्यांची तुलना डब्यांशी करायला वापरायचा, ताटाला लावायचा नाही.

शेकमध्ये जे नाही आणि ताटात आहे त्यातलं पहिलं म्हणजे चावण्याचा आणि दळण्याचा वेळ, तो वर आलाच. दुसरं म्हणजे बांगड्यातलं ओमेगा-३ तेल. बांगडा, तारली, पेडवे हे तेलकट मासे आहेत, आणि हे तेल बहुतेक शेकमध्ये नसतं किंवा नावापुरतं असतं. तिसरं म्हणजे तंतूंची जात. शेकमध्ये पाच ग्रॅम तंतू लिहिलेले असले तरी ते बऱ्याचदा एकाच प्रकारचे, इन्युलिनसारखे विरघळणारे असतात. आतड्यातले जिवाणू ते झटपट आंबवतात, म्हणून काहींना शेकनंतर पोटात गुडगुड आणि वायू होतो. कुळीथ, पालेभाजी, आठळ्या यांच्यातले तंतू अनेक प्रकारचे असतात आणि काही पचनाच्या वाटेवर शेवटपर्यंत जातात. शेकवर दोन-तीन आठवडे काढणाऱ्यांना बद्धकोष्ठ होतं त्यामागे हे आणि पाणी कमी पिणं, अशी दोन्ही कारणं असतात.

पण घरचं म्हणून सगळंच पुरेसं, असंही नाही. इथे मला लोकांचा थोडा राग ओढवून घ्यावा लागतो. ‘‘पावडर कशाला, आमची नाचणीची आंबील काय वाईट?’’ असं विचारणारे पुष्कळ भेटतात. आंबील मलाही आवडते. पण तीस ग्रॅम नाचणीच्या पिठात प्रथिनं दोन ग्रॅम, आणि ती ज्या पातळ ताकात कालवतो त्यात तीन. सगळं मिळून पाच. कॅल्शियम मात्र चांगलं: शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, म्हणजे आपल्या वाटीत शंभरच्या आसपास, शिवाय ताकातलं वेगळं. उन्हातून आल्यावर आंबील उत्तम, पण जेवणाच्या जागी ठेवायची असेल तर तिच्यासोबत दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर चवळीची उसळ हवीच. अंड्यांनी बारा ग्रॅम वाढतात आणि खर्च शेकच्या एका मापापेक्षा बराच कमी येतो. पेजेचंही तसंच. पेज आणि लोणचं हे आजारी माणसाला किंवा सकाळच्या वेळी ठीक, पण चार तास काम करणाऱ्याला त्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत.

पावसाळ्यात हा प्रश्न जास्त टोचतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ताजा मासा महागतो आणि बऱ्याच घरांत ताट भात-पिठीवर येतं. अशा वेळी पिठीबरोबर जवळ्याची सुकी चटणी घेतली तर मोठी भर पडते. पंधरा ग्रॅम सुक्या जवळ्यात आठ-नऊ ग्रॅम प्रथिनं असतात. सुक्या मासळीत मीठ भरपूर असतं, त्यामुळे रक्तदाब असलेल्यांनी ती धुऊन, भिजवून आणि बेतानेच घ्यायची. घरात मासा नाही, म्हणून त्या दोन महिन्यांत शेक सुरू करायची काही गरज नाही. कुळीथ, चवळी, मूग आणि अंडी बाराही महिने मिळतात.

वजन उतरवायला शेक

या बाबतीत शेकच्या बाजूने चांगला पुरावा आहे, आणि तो लपवणं बरोबर नाही. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात ‘डायरेक्ट’ नावाचा अभ्यास झाला. टाइप-२ मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या, वजन जास्त असलेल्या लोकांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने सगळी जेवणं बंद करून फक्त शेक आणि सूप दिलं गेलं. दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी. नंतर हळूहळू जेवण पुन्हा सुरू केलं. वर्षाअखेर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात फक्त ४ टक्क्यांची. दोन वर्षांनी हा आकडा ३६ टक्क्यांवर आला.

हे वाचून कोणी उद्यापासून घरी हा प्रयोग सुरू करू नये, याचं कारण त्या अभ्यासातच आहे. त्या लोकांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं पहिल्याच दिवशी डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद केली होती. औषध तेच आणि जेवण एकदम एवढं कमी केलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर एका जेवणाऐवजी शेक घ्यायलाही आधी डॉक्टरांना विचारा, कारण ताटातल्या भाताच्या मानाने शेकमध्ये पिष्ट बरंच कमी असतं. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, छातीत धडधड ही साखर उतरल्याची चिन्हं आहेत. तशी वाटली तर साखर तपासत बसण्याआधी तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून प्या.

मधुमेह नसेल आणि चार-पाच किलो उतरवायचे असतील, तर एका जेवणाऐवजी शेक आणि बाकी जेवणं नेहमीची, हा चालणारा मार्ग आहे. त्याचा फायदा असा की त्या एका जेवणात किती खाल्लं याचा अंदाज चुकत नाही. तोटा असा की शेक बंद केल्यावर त्या वेळी काय खायचं हे माणूस शिकलेलाच नसतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी शेवटची तारीख ठरवायला सांगते. साधारण दोन-तीन महिने, आणि शेवटच्या पंधरवड्यात एक दिवसाआड त्या वेळी घरचं मोजून घेतलेलं ताट.

कुठलं जेवण बदलायचं, यावर माझं मत स्पष्ट आहे. जे एकट्याने, घाईत आणि बाहेर होतं ते. रात्रीचं घरातलं जेवण बदलू नका. सगळे चुलीपाशी बसून भाकरी आणि सुकट खात असताना एकाने शेकर हलवत बसणं फार दिवस चालत नाही. रात्री अकराला तो माणूस फडताळातल्या डब्यात हात घालतोच.

काहींनी आधी विचारून घ्यावं

मूत्रपिंडाचा आजार असेल तर शेक स्वतःहून सुरू करू नका. त्यात प्रथिनांबरोबर पोटॅशियम आणि फॉस्फरसही असतं, आणि ते बाहेर टाकण्याचं काम आधीच दमलेल्या मूत्रपिंडांवर पडतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन कमी करायचे शेक घेऊ नयेत. वाढत्या मुलांना जेवणाऐवजी शेक देऊ नका. दूध पचत नसेल तर दुधाच्या प्रथिनांचा शेक पोट बिघडवू शकतो. अशांना सोया किंवा वाटाण्याच्या प्रथिनांचा बरा.

कवळी बसवायची आहे, दात काढलेत किंवा तापातून उठल्यावर अन्न जात नाही अशा वृद्धांना मात्र शेकचा खरा आधार होतो. त्यांच्यासाठी कमी कॅलरींचा डबा घेऊ नका. दुधात कालवता येणारा आणि कॅलरी जास्त असलेला डबा डॉक्टरांना विचारून घ्या. वजन कमी करायचा डबा सुनेने प्रेमाने सासूबाईंना दिला आणि त्या आणखी वाळल्या, असंही घडतं.

थायरॉइडच्या गोळीबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. ती उपाशीपोटी घ्यायची हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ती घेतल्यावर अर्ध्या तासाने नाश्त्याच्या जागी शेक घेणाऱ्या बऱ्याच बायका आहेत. शेकमधलं कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला आतड्यात धरून ठेवतं आणि गोळी नीट शोषली जात नाही. सोयाही यात आड येतो. गोळी आणि असा शेक यांत चार तासांचं अंतर हवं, म्हणजे शेक सकाळी नको, दुपारी घ्या. शेक सुरू केल्यावर थकवा वाढला, केस गळायला लागले किंवा तपासणीत टी-एस-एच वर गेलं, तर डोस वाढवून घेण्याआधी डॉक्टरांना शेकची वेळ सांगा.

सुरू केल्यावर ते जमतंय की नाही हे बघायला पंधरा दिवस पुरतात. दर तीन दिवसांनी सकाळी, काही खाण्याआधी वजन करायचं आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजायची. शेकनंतर किती वेळाने भूक लागली ते लिहून ठेवायचं. दोन तासांच्या आत रोज भूक लागत असेल, तर शेकसोबत चावायचं काही तरी वाढवा. तीन-साडेतीन तास निघत असतील तर प्रमाण बरोबर आहे. रात्रीचं ताट नकळत मोठं झालं असेल, म्हणजे तिसरी भाकरी मागितली जात असेल, तर दुपारच्या शेकने वाचवलेलं तिथे परत जातंय. आणि पोट फुगणं, वायू किंवा जुलाब आठवड्यानंतरही थांबले नाहीत, तर घटकांच्या यादीत इन्युलिन, सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल लिहिलंय का ते बघून दुसरा डबा घ्या. तो घेताना पुन्हा तोच हिशोब: प्रथिनं गुणिले चार, भागिले कॅलरी.